मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटांचा, पाहुणा जर्मनीचा

पुण्यात किंवा चाकणला जर्मन कंपनीत काम करणाऱ्याच्या घरी लग्न निघालं, की तिकडून आलेल्या सहकाऱ्यालाही पत्रिका जाते. त्यावर छापलेलं असतं, ‘मुहूर्त दुपारी १२ वाजून ३१ मिनिटे’. पाहुणा वेळेचा पक्का. १२ वाजून २५ मिनिटांना तो कार्यालयाच्या दारात असतो आणि हॉलमध्ये पोचेपर्यंत अंतरपाट दूर होऊन वाजंत्री सुरू झालेली असते. यात त्याचं काहीच चुकत नाही. त्याच्याकडे छापलेल्या वेळेला समारंभ सुरू होतो. आपल्याकडे मुहूर्ताला शेवटच्या अक्षता पडतात. मंगलाष्टकं त्याआधी दहा-पंधरा मिनिटं चालू असतात. म्हणून त्याला मुहूर्तासोबत खुर्चीत येऊन बसायची वेळही कळवावी.

दुसरी अडचण अक्षतांची. तांदूळ उधळणं त्याला नवीन नाही. जर्मनीतही चर्चबाहेर आलेल्या नवपरिणितांवर तांदूळ टाकायची रीत आहे, पण ती विधी उरकल्यावर. त्यामुळे इथे तो मूठ मिटून शेवटाची वाट बघत राहतो किंवा पहिल्याच ‘सावधान’ला सगळी मूठ रिकामी करतो.

पत्रिकेसोबत इंग्रजीत छोटा निरोप धाडावा. त्याचा मजकूर साधारण असा असू द्या:

‘रविवारी माझ्या बहिणीचं लग्न आहे, तुम्ही दोघांनी नक्की यावं. पावणेबारापर्यंत येऊन बसा. पत्रिकेत १२.३१ आहे, पण तो लग्न लागण्याचा क्षण आहे, सुरुवात त्याआधीच होते. तुम्हाला थोडे रंगीत तांदूळ देतील. प्रत्येक श्लोकाच्या शेवटी “सावधान” ऐकू आलं की त्यातले चार दाणे वधूवरांच्या दिशेने टाका, शेवटच्या वेळी उरलेले सगळे. मग जेवण. ते शाकाहारी आहे. काही चालत नसेल तर आधी कळवा. उजळ रंगाचे कपडे घाला, फक्त पूर्ण काळे नकोत. कुर्ता किंवा साडी हौस असेल तरच. स्टेजवर भेटायला येताना पादत्राणं खाली काढावी लागतात, तेव्हा चटकन निघतील अशी घाला. भेटवस्तू आणू नका.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नये. पत्रिकेवरची ‘आहेर आणू नये’ ही ओळ मराठीत असते, तिकडे मात्र लग्नाला रिकाम्या हाताने जाणं अवघड वाटतं. ‘तुम्ही दोघं’ हेही मुद्दाम लिहावं. आपल्या ‘सहकुटुंब’मध्ये सगळे येतात, पण जर्मन माणूस ज्याचं नाव घेतलं त्यालाच आमंत्रण धरतो आणि बायकोला घरी ठेवून एकटाच येतो.

सीमांतपूजन, कन्यादान, सप्तपदी यांचं वर्णन निरोपात कोंबू नये. त्यासाठी त्या दिवशी त्याच्या शेजारी इंग्रजी बोलणारा एखादा मामेभाऊ बसवावा. लग्न लागल्यावर बरेच जण उठून जेवायला जातात आणि सप्तपदी मागे चालूच राहते. तेव्हा पाहुण्याला तिथेच थांबवून ती दाखवायची की पंगतीत न्यायचं, हे त्यालाच विचारून ठरवता येतं.