खेळांच्या खोलीचा हिशेब

माझा जन्म गेला कारखान्यात आणि कामगार संघटनेत. शाळेच्या खेळांच्या खोलीशी माझा संबंध आला तो एका शिपायामुळे. तो शिपाई एका शाळेत नोकरीला होता आणि त्याचा भाऊ आमचा सभासद. वर्षअखेरच्या मोजणीत १४ लेझिमी कमी भरल्या. किल्ली त्याच्याकडे असे, म्हणून त्यांची किंमत त्याने भरावी असे ठरले. मी मुख्याध्यापकांना एवढेच विचारले, "या लेझिमी याच्या ताब्यात दिल्या, अशी त्याची सही कुठे आहे?" सही नव्हती. १९३६ च्या वेतन कायद्यातही तत्त्व हेच होते, की वस्तू स्पष्टपणे सांभाळायला सोपवलेली असावी, हलगर्जीपणा त्याचाच असावा आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतलेले असावे; तरच पगार कापता येई.

मग आम्ही दोघांनी बसून शोध घेतला. नोंदीत लेझिमी ६०, खोलीत ४६. सहा लेझिमी स्नेहसंमेलनापासून एका वर्गशिक्षकांच्या कपाटात पडून होत्या. दांडे मोडलेल्या पाच पोटमाळ्यावर निघाल्या. खरोखर बेपत्ता तीनच. शाळेच्या वहीत ६० हा एकच आकडा होता. वस्तू कुठे आहे हे सांगणारा रकानाच नव्हता. चोरी, विसर आणि मोडतोड या तिन्ही गोष्टी मग एकाच "कमी" या शब्दात जमा होतात आणि किल्लीवाल्याच्या माथी बसतात.

म्हणून वह्या दोन हव्यात. पहिली जडसंग्रहाची. तीत प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान असावे. तारीख, कोठून आली व पावतीचा क्रमांक, आवक, जावक, शिल्लक आणि सही, इतके रकाने पुरेत. बॅडमिंटनची फुले, टेनिसचे चेंडू, चुना हा खर्ची पडणारा माल या वहीत घालू नये, त्याला साधी वेगळी वही करावी. नाहीतर दर आठवड्याला तूट दिसते आणि मग खऱ्या तुटीकडेही कोणी पाहत नाही. मोडकी वस्तूसुद्धा परस्पर फेकायची नाही. ती ठेवून द्यावी, वर्षातून एकदा समितीने पाहावी, निर्लेखनाचा ठराव करावा आणि मगच जावक लिहावी.

दुसरी वही देवघेवीची. आमच्या कारखान्यात हत्यारखोलीत पितळी बिल्ले असत. हत्यार घेतले की आपल्या नंबरचा बिल्ला त्याच्या खिळ्यावर लटकवायचा. मधल्या सुट्टीत चेंडू आणि दोऱ्या देताना शाळेने पुठ्ठ्याचे बिल्ले करून हीच रीत ठेवावी. मुलांना ती आवडते. पण बिल्ला आज वस्तू कोणाकडे आहे एवढेच सांगतो. काल कोणाकडे होती, ते वहीच सांगते. म्हणून सुट्टी संपल्यानंतरही बाहेर राहणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहावी.

या वहीतला खरा कस शेवटच्या दोन रकान्यांत आहे. वस्तूची स्थिती देतानाच लिहावी. बॅटला आधीच चीर असेल आणि ती लिहिलेली नसेल, तर परत आणणारा मुलगा फुकट गुन्हेगार ठरतो. आणि "परत मिळाली" ही सही घेणाऱ्याची, आणणाऱ्याची नव्हे. सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच हाताच्या दिसल्या तर समजावे, की वही शनिवारी बसून एकदम भरली गेली आहे. लेझिमी एकेक लिहीत बसू नये. वीस-वीसची जुडी बांधावी आणि वर्गप्रमुखाची सही घ्यावी. बॅट, चेंडू यांना मात्र क्रमांक हवा. चेंडूवर तो हवा भरण्याच्या तोंडाजवळ लिहिला तर बहुधा टिकतो. गोळा, थाळी आणि भाला विद्यार्थ्याच्या नावावर कधीही देऊ नये, शिक्षकांच्याच सहीने द्यावेत.

दाराच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा लावावा. त्यावर शनिवारी विचारायचे प्रश्न लिहावेत:

बाहेर दिलेले सर्व परत आले का? न आलेल्याची आठवण दिली का?
चेंडूंत हवा आहे का? पंपाची सुई जागेवर आहे का?
दांडे, साखळ्या, दोऱ्या तपासल्या का? मोडके वेगळ्या खोक्यात ठेवले का?
खोलीतले + बाहेर दिलेले + दुरुस्तीतले + मोडके = वहीतली शिल्लक, हे जुळते का?

त्या शाळेत हा शेवटचा प्रश्न असा सुटला: ४६ + ६ + ५ = ५७. उरलेल्या तीन लेझिमींसाठी ठराव झाला, शिपायाचा पगार कापला गेला नाही. पुढच्या जूनपासून मोजणी दोघांनी करायची असे ठरले, आणि त्यांतला एक किल्ली नसलेला असावा, ही अट त्या शिपायानेच घालायला लावली.