सबटायटल संवादाच्या पुढे पळतात तेव्हा

घरी परदेशी चित्रपट लावला आणि पात्रानं तोंड उघडण्याआधीच त्याचं वाक्य पडद्यावर उमटलं, तर लगेच बटणं दाबू नका. आधी सुरुवातीचा एक संवाद तपासा, मग शेवटाजवळचा एक. चुकीचं मूळ या दोन ठिकाणांवरूनच कळतं.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल, तर काम सोपं आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये G दाबलं की ओळ 50 मिलिसेकंद लवकर येते, H दाबलं की तेवढीच उशिरा. फरक मोठा असेल, तर संवाद ऐकू येताच Shift+H, त्याच संवादाची ओळ दिसताच Shift+J आणि मग Shift+K दाबावं. मधलं अंतर प्लेअर स्वतःच मोजतो आणि भरून काढतो.

खरा त्रास होतो तो फरक वाढत जातो तेव्हा. ओळ दुसऱ्या मिनिटाला 5 सेकंद पुढे असते आणि पाऊण तासानं जवळजवळ दोन मिनिटं. अशा वेळी G-H कितीही दाबा, थोड्या वेळानं पुन्हा तेच. याचं कारण वेगात आहे. चित्रपटाचं चित्रण सेकंदाला 24 चौकटींनी होतं. युरोपातल्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी आणि डीव्हीडीसाठी तो 25 नं चालवत, त्यामुळे साधारण चार टक्के आधी संपे. ब्लू-रेवर तोच चित्रपट बहुधा 23.976 नं चालतो. डीव्हीडीवरून तयार केलेली सबटायटल या प्रतीला लावली की ती पुढे पळणारच.

सबटायटलची .srt फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. समजा, एक संवाद 1 तास 40 मिनिटांनी ऐकू येतो, पण फाइलमध्ये त्याची वेळ अशी आहे:

```
01:35:54,000 --> 01:35:57,200
```

6000 सेकंदांना 5754 नं भागलं की 1.043 येतात. 25 ला 23.976 नं भागलं तरी तेवढेच. म्हणजे निदान पक्कं झालं. आता सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून Synchronization मधलं Change frame rate निवडा, 25 वरून 23.976 करा. शेवटी थोडा ठरावीक फरक उरलाच, तर तो G-H नं जातो.

मधेच एका प्रसंगानंतर फरक अचानक उडी मारत असेल, तर वेगाचा दोष नाही, प्रतच वेगळी आहे. ‘सिनेमा पॅराडिसो’ची जगभर गाजलेली आवृत्ती दोन तासांच्या आसपास आहे, दिग्दर्शकाची आवृत्ती जवळपास पन्नास मिनिटांनी मोठी. एकीची सबटायटल दुसरीला बसवण्यात रात्र घालवू नका. आपल्या प्रतीची लांबी पाहून तिचीच फाइल शोधा.

दुरुस्त केलेल्या फाइलला चित्रपटाच्या फाइलचंच नाव द्या आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. व्हीएलसी ती आपोआप उचलतो.