मोजणी चालू, प्रोसेसर मोकळा

अर्डुइनो उनोवर `analogRead()` लिहिलं की आकडा मिळायला साधारण 104 मायक्रोसेकंद लागतात. बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग म्हणजे एडीसी. त्याचं काम संपेपर्यंत प्रोसेसर नुसता वाट पाहत थांबतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या घड्याळाचे सोळाशेहून जास्त ठोके वाया जातात. खोलीचं तापमान सेकंदाला एकदा मोजायचं असेल, तर या नासाडीची चिंता करण्याचं कारण नाही. घरातल्या विजेच्या वापराचं मीटर बनवायला घेतलं की मात्र हिशेब बदलतो.

विजेचा दाब आणि प्रवाह सेकंदाला 50 वेळा वरखाली होतात. त्यांचा आकार नीट पकडण्यासाठी एका आवर्तनात 128 नमुने घ्यायचे ठरवले, तर सेकंदाला 6,400 वेळा दोन्ही मोजावे लागतात. उनोच्या चिपमध्ये डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस, नाही. त्यामुळे असं मीटर करणारे बरेच हौशी लोक ‘ब्लू पिल’ नावाच्या स्वस्त बोर्डाकडे वळतात. त्यावरची एसटीएम32एफ103 चिप 72 मेगाहर्ट्झवर चालते, तिच्यात 20 किलोबाइट रॅम आहे आणि डीएमएही आहे.

डीएमए हा चिपमधला वेगळा हमाल. एडीसीचा आकडा तयार झाला की तो उचलून रॅममधल्या ठरलेल्या जागी ठेवणं एवढंच त्याचं काम. त्यासाठी प्रोसेसरला हातचं काम सोडावं लागत नाही. डीएमए लावला म्हणून एडीसी जास्त वेगाने मोजत नाही, की मोजणी जास्त अचूकही होत नाही. नमुने अगदी समान अंतराने येण्याची जबाबदारी टायमरची असते. टायमर 72 मेगाहर्ट्झच्या दर 11,250 ठोक्यांनी एडीसीला इशारा देतो, म्हणजे सेकंदाला नेमके 6,400 इशारे होतात. डीएमए असो वा नसो, ही घडी तशीच राहते.

डीएमए नसेल तर प्रत्येक मोजणीनंतर इंटरप्ट घ्यावा लागतो. प्रोसेसर हातचं काम थांबवतो, आकडा उचलून ठेवतो आणि परत कामाला लागतो. या चिपच्या गाभ्याला इंटरप्टमध्ये शिरायलाच किमान 12 ठोके लागतात. बाहेर पडणं आणि आतलं नेटकं लिहिलेलं काम धरून प्रत्येक वेळी 60 ठोके लागतात असं समजू. मग 6,400 वेळांचे 3,84,000 ठोके झाले, म्हणजे 7 कोटी 20 लाखांपैकी जेमतेम अर्धा टक्का. एवढ्याशा बचतीसाठी डीएमए जुळवत बसणं म्हणजे निव्वळ हौस.

सेकंदाला एक लाख नमुने घेतले तर हाच खर्च आठ टक्क्यांवर जातो. तयार लायब्ररीचा ऐसपैस इंटरप्ट वापरून दरवेळी 200 ठोके जात असतील, तर तो 28 टक्के होतो. 72 मेगाहर्ट्झवर चालताना या चिपचा एडीसी जास्तीत जास्त सुमारे 8,57,000 नमुने देतो. तिथे दोन नमुन्यांच्या मध्ये अवघे 84 ठोके उरतात आणि इंटरप्टचा विचारही करता येत नाही. निर्णयाची पहिली पायरी म्हणून हा गुणाकार कागदावर करावा. तो बहुतेक वेळा विकासकाच्या अंदाजापेक्षा कमी भीतीदायक निघतो.

पण मीटरला एकच नव्हे, दोन वाहिन्या मोजायच्या आहेत. इथे चिपची रचना आडवी येते. एडीसीच्या नेहमीच्या वाहिन्यांना मिळून निकालाचा एकच रजिस्टर आहे. दाब मोजून झाला की लगेच प्रवाहाचा आकडा त्यावर येऊन बसतो. त्यामुळे अशी रांग लावून मोजायचं तर डीएमए सुरू करावाच लागतो. पळवाट आहे: ‘इंजेक्टेड’ वाहिन्यांना स्वतंत्र असे चार रजिस्टर मिळतात. दोन वाहिन्यांचं काम त्यात सहज भागतं, म्हणजे इथवरही डीएमएवाचून अडत नाही.

अडतं ते वापरलेल्या युनिटांची नोंद जपताना. वीज गेली तरी आकडा राहावा म्हणून तो चिपच्या फ्लॅश मेमरीत लिहायचा, आणि त्याआधी तिथलं एक पान पुसायचं. पान पुसायला 20 ते 40 मिलिसेकंद लागतात. प्रोग्रॅमही त्याच फ्लॅशमधून वाचला जात असल्याने तेवढा वेळ प्रोसेसर गोठतो आणि इंटरप्टही अडकून पडतात. सेकंदाला 6,400 च्या हिशेबाने 128 ते 256 वेळांचे नमुने हरवतात. डीएमए मात्र रॅममध्ये लिहीत असल्यामुळे थांबत नाही. अर्ध्या टक्क्याच्या बचतीसाठी नको असलेला डीएमए या एका कारणासाठी हवासा होतो.

बफर किती मोठा असावा, हेही त्याच गोठण्यावरून ठरतं. बफर गोलाकार असतो: शेवट आला की डीएमए पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतो. अर्धा भरल्यावर एक इशारा आणि पूर्ण भरल्यावर दुसरा. प्रोसेसर भरलेला अर्धा भाग वाचतो, तोवर डीएमए दुसरा भरत असतो. दोन आवर्तनांचा बफर 40 मिलिसेकंदांतच भरतो, म्हणजे पुसणं लांबलं तर न वाचलेल्या नमुन्यांवर नवे नमुने लिहिले जातील. म्हणून आठ आवर्तनं धरावीत: 128 गुणिले 2 वाहिन्या गुणिले 8, म्हणजे 2,048 नोंदी. प्रत्येकी दोन बाइटप्रमाणे चार किलोबाइट होतात. प्रत्येक अर्ध्या भागाला 80 मिलिसेकंद मिळतात, आणि 40 मिलिसेकंद गोठण्यात गेले तरी आकडेमोडीला तेवढेच उरतात.

```
uint16_t buf[2048];
HAL_ADC_Start_DMA(&hadc1, (uint32_t*)buf, 2048);
```

दोनच ओळी, पण चुका इथेच होतात. शेवटचा आकडा नोंदींचा आहे, बाइटचा नव्हे. सवयीने `sizeof(buf)` लिहिलं तर तो 4096 होतो. मग डीएमए बफर ओलांडून शेजारच्या व्हेरिएबलांवर लिहीत सुटतो आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी बिघडतो. दुसरी चूक रुंदीची. मेमरीच्या बाजूला 16 ऐवजी 32 बिट निवडले की प्रत्येक खऱ्या आकड्यानंतर एक शून्य दिसतं. असं एकाआड एक शून्य दिसलं, तर आधी हीच सेटिंग तपासावी.

मोठ्या चिपवर गेलं की संकटाचा चेहराच बदलतो. एसटीएम32एच7 मध्ये प्रोसेसरजवळ कॅशे असते. डीएमए रॅममध्ये ताजे आकडे ठेवतो, पण प्रोसेसर कॅशेतली जुनी प्रत वाचत राहतो आणि आलेख गोठल्यासारखा दिसतो. वाचण्याआधी कॅशेतला तो भाग रद्द करावा लागतो, किंवा बफर कॅशेबाहेरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो.

ब्लू पिलवरचा धोका जास्त गुपचूप आहे. नमुना हरवल्याची खूण करणारा ध्वज या एडीसीत नाही. एडीसी थांबवून पुन्हा सुरू केला आणि डीएमए मात्र जुन्याच जागेवरून पुढे चालला, तर दाबाच्या जागी प्रवाह येऊ शकतो, आणि मीटर तरीही बिनदिक्कत आकडे दाखवत राहतं. हे पकडण्यासाठी मीटर मेन्सला जोडण्याआधी एक पिन ग्राउंडला आणि दुसरी 3.3 व्होल्टला लावावी. मग बफरमध्ये एकाआड एक शून्याजवळचे आणि 4095 जवळचे आकडेच दिसायला हवेत. अशी जोडणी ठेवून फ्लॅशचं पान वारंवार पुसावं, एडीसी बंद-चालू करावा आणि क्रम कुठे उलटतो का, ते पाहावं.