टॉवेलचे लूप गेले कुठे? अपलोड केल्यावर व्हिडिओ धूसर का होतो



मागच्या बॅचमधले एक दुकानदार मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. सोलापुरी टेरी टॉवेलचा एक मिनिटाचा व्हिडिओ त्यांनी यूट्यूबवर टाकला होता. म्हणाले, "सर, मोबाईल नवीन आहे, गॅलरीत बघा कसं चकाचक दिसतंय. आणि अपलोड केलेला बघा!" मी बघितलं. गॅलरीत टॉवेलचा एकेक लूप मोजता येत होता. अपलोड झालेल्या व्हिडिओत तोच टॉवेल साध्या पातळ कापडासारखा सपाट दिसत होता. पुण्याच्या एका घाऊक गिऱ्हाइकाने तर विचारलं होतं, "हा हलका माल आहे का?" आता आपल्या टॉवेलची ओळखच त्या लुपांमध्ये. ते दिसले नाहीत तर भाव कसा सांगायचा?

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. गंमत कॉम्प्रेशनची होती. ते नीट समजून घेऊ.

१०८०पी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके असतात. अशी सेकंदाला ३० चित्रं. काहीही न दाबता हे सगळं साठवायचं म्हटलं तर एका मिनिटाला साधारण साडेपाच जीबी लागतील. त्या दुकानदारांच्या फोनमधली फाईल होती १३० एमबी. म्हणजे ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो, ती फाईलसुद्धा फोनने आधीच चाळीसपटीहून जास्त दाबलेली असते.

मग एवढं दाबूनही ती छान कशी दिसते? आपल्या उधारीच्या वहीत बघा. एकच माल रोज जात असेल तर आपण पुन्हा सगळं लिहीत बसत नाही, 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतो. व्हिडिओही तसंच करतो. चित्राचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला विचारतो, मागच्या चित्रापेक्षा तुझ्यात काय बदललं? मागची भिंत तशीच आहे? 'वरीलप्रमाणे.' हात थोडा उजवीकडे सरकला? 'मागचाच चौकोन, जरा उजवीकडे.' जे खरंच नवीन आहे तेवढंच नव्याने लिहायचं.

पण लिहायला जागा ठरलेली असते. एका सेकंदाला किती जागा मिळते, त्याला बिटरेट म्हणतात. जागा कमी पडली की आधी काय कापलं जातं? बारीक नक्षी. मोठे आकार आणि रंग ठेवले जातात, कारण ते गेले तर डोळ्याला लगेच खुपतं. धाग्याचा पोत, केस, वाळू, पानं हे सगळं आधी पुसट होतं. आता टॉवेल म्हणजे काय? हजारो बारीक लूप, म्हणजे नेमकं तेच जे सगळ्यात आधी कापलं जातं. त्यात तो हातात धरून हलवला, की प्रत्येक लूप प्रत्येक चित्रात वेगळा दिसतो. 'वरीलप्रमाणे' लिहायची सोयच राहत नाही.

यूट्यूब तुमची फाईल जशीच्या तशी लोकांना दाखवत नाही. कोणाकडे वायफाय, कोणाकडे गावाकडचं रडतखडत चालणारं नेट, म्हणून ते एकाच व्हिडिओच्या १४४पीपासून वरपर्यंत बऱ्याच प्रती करतं. प्रत्येक प्रत पुन्हा दाबलेली असते. हे आपल्याला टाळता येत नाही. आपल्या हातात एवढंच, की त्या दाबणीत शिरताना माल चांगला असावा.

आता त्या व्हिडिओचं नेमकं काय झालं? बिटरेट काढायची सोपी रीत आहे: फाईलचे एमबी गुणिले ८, भागिले सेकंद. मूळ फाईल १३० एमबी, ६० सेकंद, म्हणजे साधारण १७ एमबीपीएस. यूट्यूब १०८०पी, ३० फ्रेमच्या व्हिडिओसाठी ८ सुचवतं. म्हणजे इथपर्यंत भरपूर होतं.

पण एडिटिंग भाचा करायचा. त्याला फाईल चॅटच्या ॲपवर नेहमीसारखी 'व्हिडिओ' म्हणून पाठवली. पोहोचली तेव्हा ती ११ एमबी होती, म्हणजे दीड एमबीपीएस, आणि १०८०पीची ४८०पी झालेली. भाच्याने त्यावर गाणं लावलं आणि १०८०पीवर एक्सपोर्ट केली. फाईल झाली ९० एमबी. दुकानदार म्हणाले, "मग १२ एमबीपीएस झाले की!" इथेच बहुतेक जण फसतात. फाईल मोठी झाली, पण गेलेले लूप परत आले नाहीत. धुऊन रंग उतरलेली चादर मोठ्या खोक्यात भरली म्हणून रंग परत येत नाही. त्यानंतर यूट्यूबने पुन्हा दाबलं. फोन, चॅट ॲप, एडिटिंग, यूट्यूब: एकच टॉवेल चार वेळा पिळला गेला.

म्हणून व्हिडिओ धूसर दिसला की आधी तीन गोष्टी बघा. पहिली, अपलोड नुकतंच केलंय का? यूट्यूब आधी कमी क्वालिटीची प्रत तयार करतं, एचडी नंतर येते. थोडा वेळ थांबा आणि क्वालिटी हाताने १०८०पी करून बघा. दुसरी, जी फाईल प्रत्यक्ष अपलोड केली तीच मोठ्या स्क्रीनवर उघडा, गॅलरीतली नाही. तीच धूसर असेल तर बिघाड तुमच्या घरातच आहे. तिसरी, स्थिर भाग आणि हलता भाग वेगवेगळे बघा. कॅमेरा थांबल्यावर पोत दिसतो आणि हलल्यावर चौकोनी ठोकळे पडतात, तर ते कॉम्प्रेशन. फोनमधली मूळ फाईलच पूर्ण वेळ धूसर असेल, तर फोकस चुकलाय किंवा लेन्सवर बोटाचे डाग आहेत.

आम्ही तोच टॉवेल पुन्हा शूट केला. फोन ट्रायपॉडवर, दुकानाच्या दारात दिवसाच्या उजेडात. अंधारात फोन चित्रात बारीक दाणे आणतो, ते प्रत्येक चित्रात बदलतात आणि लुपांची जागा खाऊन टाकतात. मागे डिझाईनच्या चादरींची थप्पी होती, ती काढून साधा पांढरा कपडा लावला. टॉवेल झटकून दाखवायच्या ऐवजी जवळून चार सेकंद स्थिर ठेवला. फाईल केबलने कॉम्प्युटरवर घेतली. केबल नसेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तेव्हा व्हिडिओ दाबला जात नाही. एडिटिंग एकदाच केलं आणि १६ एमबीपीएसवर एक्सपोर्ट केलं.

अजून एक युक्ती: १०८०पीचाच व्हिडिओ १४४०पीवर एक्सपोर्ट करून टाकला तर यूट्यूब त्या मोठ्या प्रतीला जास्त बिटरेट देतं. नवीन बारकावे त्याने तयार होत नाहीत, पण असलेले जास्त टिकतात. मात्र बघणाऱ्याने ती क्वालिटी निवडायला हवी. तो ३६०पीवर बघत असेल तर आपण काही करू शकत नाही. म्हणूनच तो चार सेकंदांचा स्थिर क्लोजअप ठेवायचा, कमी क्वालिटीतही त्याला सगळ्यात जास्त संधी असते.

नवीन व्हिडिओत लूप दिसले. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तीच लिंक पाठवली. या वेळी त्याने हलका माल आहे का हे विचारलं नाही, डझनाचा भाव विचारला.