शून्य रुपये, पण कोणासाठी?

किंडलवर अक्षरं मोठी कशी करायची, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण ग्रंथालयातल्या ज्येष्ठांच्या बैठकीत एका काकांनी मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, "पुस्तकाखाली ₹0.00 लिहिलंय. घेऊन टाकू?" मग त्या दिवशी बोलणं झालं ते एवढ्यावरच.

मी म्हटलं, "काका, थांबा. शेजारी Kindle Unlimited असं लिहिलंय का, ते आधी बघा." लिहिलेलं होतं. म्हणजे हे शून्य दरमहा वर्गणी भरणाऱ्या सभासदासाठी आहे. त्याच पानावर विकत घ्यायची किंमतही दिलेली असते. तीही शून्य असेल, तरच ते पुस्तक तेवढ्या वेळी कोणालाही फुकट. ती शंभर-दीडशे असेल, तर Read for Free हे बटण दाबल्यावर सभासद नसलेल्याला आधी वर्गणीचं पान दिसतं. पुस्तक त्यानंतर.

वर्गणी न भरताही पुष्कळ मिळतं. अ‍ॅप फुकट आहे. बहुतेक पुस्तकांची सुरुवातीची काही पानं नमुना म्हणून उतरवून घेता येतात. एकेक पुस्तक विकतही घेता येतं. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटली, की आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे जुनं साहित्य अनेकदा शून्य किमतीत सापडतं. मी नमुना आवर्जून वाचायला लावतो, कारण काही मराठी ई-पुस्तकांत जोडाक्षरं तुटलेली असतात आणि ते पहिल्या दोन पानांतच कळतं.

वर्गणी भरल्यावर पुस्तकं आपली होत नाहीत, उसनी मिळतात, आपल्या ग्रंथालयासारखीच. एका वेळी वीस. एकविसावं हवं असेल, तर एक परत करायचं. सभासदत्व संपलं, की उसनी पुस्तकं उघडत नाहीत. विकत घेतलेली मात्र राहतात.

एका आजींनी विचारलं, "आमच्याकडे प्राइम आहे, त्यात हे येतं ना?" नाही. प्राइमसोबत थोडी पुस्तकं वाचायला मिळतात, पण ही वर्गणी वेगळी.

काकांना मी एक काम दिलं. पुढच्या दोन महिन्यांत वाचायची पाच पुस्तकं कागदावर लिहायची आणि एकेक शोधून पाहायची. मोठ्या प्रकाशकांची बरीच पुस्तकं या योजनेत नसतात. काकांच्या यादीतलं एकच निघालं. मग वर्गणी कशाला? ते एक विकत घ्यावं, बाकीची आमच्या कपाटातून न्यावीत.

तरीही चाचणीचा फुकट महिना घ्यायचा असेल, तर खात्यातल्या Memberships & Subscriptions मध्ये जाऊन त्याच दिवशी नूतनीकरण बंद करा. मुदत संपेपर्यंत वाचता येतंच. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्यानं वर्गणी थांबत नाही.