चार जनुके, एक प्लाझ्मिड: जोडणी कशी ठरवायची?

प्रयोगशाळेतला ई. कोलाय हा जिवाणू प्लेटवर फिकट, मळकट पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात वाढतो. त्याच्यात पँटोइया अनानाटिस या दुसऱ्या जिवाणूची चार जनुके घातली, तर तेच ठिपके केशरी होतात, कारण आता तो गाजरातले बीटा-कॅरोटीन तयार करू लागलेला असतो. नोरिहिको मिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या जनुकांचे काम उलगडले. ई, बी, आय आणि वाय अशी त्यांची आद्याक्षरे आहेत. ई आणि बी मिळून फायटोईन बनवतात. ते रंगहीन असते. आय त्याचे लायकोपीन करते, म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. वाय त्याच्यापुढे जाऊन केशरी कॅरोटीन देते.

ही चार जनुके जिवाणूत न्यायची तर ती प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूच्या पेशीत स्वतंत्रपणे वाढणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवावी लागतात. प्रत्येक जनुकाच्या आधी ते चालू करणारा प्रमोटर आणि मागे ते थांबवणारा टर्मिनेटर हवा. ही दोन्ही टोके धरली तर चार तुकडे मिळून साधारण ५,७०० अक्षरांचे होतात (डीएनएची अक्षरे चारच: A, T, G, C). वाहक प्लाझ्मिड २,५०० अक्षरांचे धरले, तर एकूण वर्तुळ ८,२०० अक्षरांचे. हे जोडायच्या तीन रूढ पद्धती आहेत. कोणती घ्यायची हे पुष्कळदा प्रयोगशाळेच्या सवयीवर ठरते. माझ्या मते ते डीएनएच्या क्रमानेच ठरवायला हवे. तुकड्यांच्या पोटात काय दडले आहे आणि सांध्यावर काय आहे, या दोन गोष्टी आधी नीट वाचल्या की पद्धत जवळपास आपोआप ठरते.

सर्वांत जुनी पद्धत कापून चिकटवण्याची. इको-आर-वन हे विकर (एन्झाइम) GAATTC ही सहा अक्षरे शोधते आणि पहिल्या G नंतर कापते. दोन्ही बाजूंना AATT असे एकेरी, चिकट टोक उरते. त्याच विकराने कापलेले दुसरे टोक त्याला जुळते आणि टी-फोर लायगेज हे विकर सांधा पक्का करते. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी याच मार्गाने दोन प्लाझ्मिडचे तुकडे जोडले. एकच तुकडा एका तयार वाहकात बसवायचा असेल तर आजही मी हीच पद्धत निवडेन. तुकडा आधीच तपासलेल्या प्लाझ्मिडमधून कापून काढता येतो, त्यामुळे पीसीआरने नव्या प्रती काढताना शिरणाऱ्या चुकांचा प्रश्नच येत नाही.

चार तुकड्यांना मात्र ती पुरत नाही. AATT उलट बाजूने वाचले तरी AATTच राहते. म्हणून वाहकाची दोन टोके एकमेकांनाच चिकटून रिकामे वर्तुळ बंद होऊ शकते आणि तुकडा उलटाही बसू शकतो. तो सुलटाच बसावा म्हणून दोन टोकांना दोन वेगळी विकरे लागतात, म्हणजे पाच सांध्यांना पाच वेगळी विकरे. त्यातल्या एकाचीही जागा कोणत्याच तुकड्याच्या पोटात असून चालत नाही. सहा अक्षरांचा ठरावीक क्रम योगायोगाने सरासरी ४,०९६ अक्षरांत एकदा येतो, म्हणजे आपल्या ८,२०० अक्षरांत साधारण दोनदा. पाचही विकरांनी पोटात शिरू नये अशी निवड मिळणे अवघड असते. मग तुकडे एकामागून एक बसवावे लागतात: कापा, जेलवर वेगळे करा, चिकटवा, जिवाणूत घाला, कॉलनी वाढू द्या, प्लाझ्मिड काढून तपासा. एका फेरीला तीन-चार दिवस जातात आणि चार तुकड्यांना चार फेऱ्या होतात.

दुसऱ्या पद्धतीला ही अडचण नाही. डॅनियल गिब्सन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या या जोडणीत शेजारच्या तुकड्यांची टोके वीस ते चाळीस अक्षरे सारखीच ठेवतात. टी-फाइव्ह एक्झोन्यूक्लिएज प्रत्येक टोकाची एक साखळी कुरतडते. उघडी पडलेली समान अक्षरे एकमेकांना बिलगतात, पॉलिमरेज मधल्या खाचा भरते आणि लायगेज सांधा बंद करते. हे सगळे एकाच नळीत, ५० अंशांवर, तासाभरात होते. सांध्यावर एकही जादा अक्षर उरत नाही आणि तुकड्याच्या पोटात कोणता क्रम आहे याची या पद्धतीला फिकीर नसते. तीन-चार लांब, एकमेकांपेक्षा वेगळे तुकडे असतील तर यापेक्षा सोपे काही नाही.

पण आपल्या केशरी प्लाझ्मिडमध्ये प्रत्येक जनुकापुढे तोच प्रमोटर आणि मागे तोच टर्मिनेटर आहे. म्हणजे ई आणि बी यांच्यामधला सांधा, बी आणि आय यांच्यामधला सांधा, आय आणि वाय यांच्यामधला सांधा हे तिन्ही हुबेहूब सारखे. ईच्या शेवटाला बी, आय आणि वाय हे तिघेही तितकेच चालतात. वाहकाला लागणारी दोन टोके वेगळी असल्याने ई पहिला आणि वाय शेवटचा राहतो. मधे मात्र काहीही होते. ईला थेट वाय चिकटला की बी आणि आय गळालेले आखूड वर्तुळ मिळते, आणि सांधे कमी असल्याने ते सहज बनते. प्लेटवर कॉलन्या भरपूर आणि बहुतेक पांढऱ्या दिसल्या, तर हीच शंका घ्यावी. त्यांचे प्लाझ्मिड एका विकराने उघडून जेलवर पळवले की ८,२०० ऐवजी ५,००० ते ७,००० अक्षरांच्या पट्ट्या दिसतात. त्यातच टर्मिनेटरचा स्वभाव असा की एकेरी झाला की तो स्वतःवरच दुमडतो. टी-फाइव्हने उघडलेले नेमके ते टोक आपल्या जोडीदाराला भेटतच नाही.

इथे एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बरेचदा राहून जातो. चारही जनुकांना वेगळा प्रमोटर हवाच आहे का? चारही एका प्रमोटरमागे रांगेत ठेवली तर सांध्यांवर जनुकांची स्वतःची अक्षरे येतात, सगळे सांधे वेगळे होतात आणि गिब्सनची जोडणी उत्तम चालते. प्रत्येक जनुकाचे प्रमाण स्वतंत्रपणे कमी-जास्त करायचे असेल तरच पुनरावृत्ती स्वीकारावी. मग तिसरी पद्धत घ्यावी.

तिच्यातली विकरे टाइप-टू-एस वर्गातली. ती आपली खूण वाचतात एका जागी आणि कापतात खुणेच्या बाहेर. बीएसए-वन GGTCTC वाचते, पुढचे एक अक्षर सोडते आणि त्यानंतर चार अक्षरांचे एकेरी टोक ठेवून कापते:

```
5'-GGTCTC N^NNNN-3'
3'-CCAGAG N NNNN^-5'
```

ही चार अक्षरे कोणती असावीत हे विकर ठरवत नाही, आपण ठरवतो. खूण तुकड्याच्या बाहेर ठेवली की कापताना ती गळून पडते. २००८ मध्ये जर्मनीतल्या हाले शहरात कॅरोला एंगलर, सिल्व्हेस्त्र मारिलोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरूनच गोल्डन गेट जोडणी बसवली. कापणारे आणि चिकटवणारे विकर एकाच नळीत घालायचे, ३७ आणि १६ अंश अशा फेऱ्या तीसेक वेळा द्यायच्या. चुकून जुना तुकडा परत आपल्या जागी चिकटला तर खूणही परत येते आणि तो पुन्हा कापला जातो. योग्य सांध्यात खूणच उरत नाही, म्हणून तो कायमचा राहतो. शेवटी ६० अंशांवर पाच मिनिटे ठेवतात. त्या तापमानाला लायगेज थांबते, बीएसए-वन मात्र कापत राहते आणि उरलेसुरले न जोडलेले प्लाझ्मिड मोडते.

आपल्या पाच सांध्यांसाठी मी GGAG, AATG, TTCG, GCTT आणि CGCT घेईन. यातले कोणतेही उलट वाचल्यावर स्वतःसारखे किंवा दुसऱ्यासारखे होत नाही आणि कोणत्याही दोघांत किमान दोन अक्षरांचा फरक आहे. GATC सारखे टोक टाळायचे, कारण ते स्वतःलाच चिकटते. अशी सोळा टोके वगळून आणि जोड्या लावून एकूण १२० सांधे कागदावर शक्य असतात. पण लायगेज काही वेळा एखादे न जुळणारे अक्षरही चालवून घेते. न्यू इंग्लंड बायोलॅब्जच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सगळी २५६ टोके तपासून कोण कोणाला चुकून चिकटते याचा तक्ता दिला. सांधे जास्त असतील तर निवड त्या तक्त्यावरून करावी. तुकडे नळीत घालताना वजन समान नको, रेणूंची संख्या समान हवी: १,२०० अक्षरांचा तुकडा ३९ नॅनोग्रॅम घेतला, तर १,८०० अक्षरांचा ५८ नॅनोग्रॅम लागतो.

प्रमोटर चारदा आला तरी इथे बिघडत नाही, कारण सांधा फक्त चार अक्षरांवर ठरतो. इथली अडचण तुकड्यांच्या पोटात आहे. GGTCTC उलट साखळीवर GAGACC दिसते आणि विकराला दोन्ही सारखेच. म्हणून ही खूण योगायोगाने सरासरी २,०४८ अक्षरांतच एकदा भेटते, इको-आर-वनच्या दुप्पट वेळा. चार जनुकांत ती दोनेक ठिकाणी असणारच असे धरून शोधायला लागावे. वाहकही तपासावे: pUC19 मध्ये अँपिसिलिन-प्रतिरोधाच्या जनुकातच बीएसए-वनची खूण आहे, म्हणून कॅनामायसिनचे वाहक सोयीचे. जनुकात GGT CTC अशी ग्लायसिन-ल्युसिनची जोडी असेल तर शेवटचा C बदलून GGT CTG करावे. ल्युसिन ल्युसिनच राहते, ई. कोलायला तो शब्द उलट जास्त सवयीचा आहे आणि खूण नाहीशी होते. जनुक बनवूनच मागवायचे असेल तर हा बदल मागणीतच सांगता येतो. खुणा फार असतील तर सात अक्षरांची खूण वाचणारे एसएपी-वन घ्यावे. त्याची टोके मात्र तीनच अक्षरांची असतात, म्हणून सांध्यांची निवड आक्रसते.

जोडणी साधली की प्लेट बरेच काही सांगते. केशरी कॉलनीत चारही जनुके काम करत आहेत. गुलाबी-लाल दिसली तर लायकोपीनपर्यंत गाडी आली आणि वायमध्ये काही बिघडले, बहुधा पीसीआरची चूक. पांढरी असेल तर ई, बी किंवा आय यांपैकी काहीतरी नाही. केशरी रंग मात्र जनुकांचा क्रम बरोबर आहे याची खात्री देत नाही, आय आणि बी यांची जागा बदलली तरी रंग येतो. म्हणून सांधे वाचूनच घ्यावे लागतात. त्यासाठी लागणारा छोटा प्रायमर प्रमोटरमध्ये बसवला तर तो एकाच वेळी चार जागी चिकटतो आणि यंत्राच्या आलेखावर चार क्रम एकमेकांवर चढलेले दिसतात. तो प्रत्येक जनुकाच्या शेवटाजवळ, बाहेरच्या दिशेला तोंड करून बसवावा. मग वाचन त्या एकाच जनुकापासून सुरू होते आणि टर्मिनेटर, सांधा, प्रमोटर ओलांडून शेजारच्या जनुकात उतरते.