पाव फुगत नाही? यीस्टच्या पाकिटाला दोष देण्याआधी पाणी तपासा

बालाघाट : मैदा तोच, यीस्टचे पाकीट तेच आणि मापही तेच. तरी डिसेंबरमध्ये कापसासारखा झालेला पाव मे महिन्यात विटेसारखा बसतो. मग घरात एकच निष्कर्ष निघतो, "दुकानदारानं जुनं यीस्ट दिलं." पाकीट खरोखरच जुने असेल, असेही होते. पण पुष्कळदा यीस्ट दुकानात नव्हे, आपल्याच स्वयंपाकघरात मेलेले असते, आणि त्याला मारणारे असते ते भिजवण्यासाठी घेतलेले गरम पाणी.

कृतीत लिहिलेले असते, 'कोमट पाण्यात यीस्ट भिजवा.' हा कोमट शब्दच घोटाळा करतो. चुलीवर भाकरी करणाऱ्या हाताला जे कोमट वाटते, ते यीस्टच्या दृष्टीने उकळते असू शकते. त्यातून बालाघाटसारख्या ठिकाणी जानेवारीतले नळाचे पाणी दात वाजवते, तर मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी न तापवताच गरम येते. त्यामुळे वर्षभर एकच माप चालत नाही.

पाकिटात झोपलेला जीव

ड्राय यीस्ट हे सोड्यासारखे रसायन नाही. ती एकपेशी बुरशी आहे. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. तिच्यातले बहुतेक पाणी काढून टाकून तिचे दाणे केलेले असतात. चिमूटभर दाण्यांत अब्जावधी पेशी असतात. त्या मेलेल्या नसतात, फक्त त्यांचे काम थांबलेले असते. पाणी मिळाले की त्या फुगतात, साखर खाऊ लागतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. हाच वायू कणकेत अडकतो आणि पाव वर येतो.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. आतले आत आणि बाहेरचे बाहेर ठेवणे हे त्याचे काम. वाळताना हे आवरण आक्रसून कडक झालेले असते. पाणी पडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत ते पुन्हा मऊ आणि सलग व्हावे लागते. त्यासाठी थोडी ऊब लागते. पाणी फार गार असेल तर आवरण नीट जुळून येण्याआधीच पेशीतला माल बाहेर झिरपतो. अशा यीस्टचा जोर कमी पडतो आणि झिरपलेल्या द्रव्यांमुळे कणीकही सैल, चिकट होते. म्हणून पाणी कोमट घ्यायचे. ते नुसते काम लवकर व्हावे म्हणून नाही, पेशी धड जागी व्हावी म्हणूनही.

गरम पाणी नेमके काय करते?

पेशीच्या आत साखर फोडण्याचे काम करणारी द्रव्ये म्हणजे प्रथिने. प्रथिनाची एक विशिष्ट घडी असते, आणि ती घडी आहे तोवरच ते काम करते. उष्णता वाढली की घडी उसवते. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडला की थिजून पांढरा होतो, तसेच काहीसे इथे होते. थिजलेले अंडे गार केल्यावर पुन्हा पातळ होत नाही. मेलेले यीस्टही नंतर थंड पाणी ओतल्याने जिवंत होत नाही. उष्णतेने बाहेरचे आवरणही फाटते आणि पेशी आतून रिकामी होते.

आकड्यांत सांगायचे तर ॲक्टिव्ह ड्राय यीस्टला ३८ ते ४३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. ४५ च्या पुढे धोका सुरू होतो. ५० अंशांवर यीस्ट झपाट्याने दुबळे होते, ५५ च्या आसपास काही मिनिटांत बहुतेक पेशी मरतात, आणि ६० अंशांवर फारसे काही उरत नाही. यात वेळेलाही महत्त्व आहे. ४८ अंशांच्या पाण्यात अर्धे मिनिट आणि दहा मिनिटे, यांत बराच फरक पडतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात द्राक्षाची दारू नासू नये म्हणून ती साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत तापवण्याची रीत काढली. तिथे नको असलेले सूक्ष्मजीव मारणे हाच उद्देश होता. आपण कडक पाण्यात यीस्ट टाकतो तेव्हा नकळत तेच करतो. भट्टीत पाव भाजताना यीस्ट मरतेच. पण तोवर त्याने वायू भरून ठेवलेला असतो, त्याचे काम झालेले असते. भिजवतानाच मेले, तर सगळेच संपले.

विसण किती घालायचे?

आंघोळीच्या कडक पाण्यात विसण घालून ते अंगाला सोसेल असे करणे घरोघरी माहीत आहे. यीस्टचे पाणीही तसेच करता येते. बालाघाट समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आतच आहे, त्यामुळे इथे पाणी जवळपास ९९ अंशांवर उकळते. हा आकडा धरून हिशेब करता येतो.

समजा, अर्धा किलो मैद्याचे पाव करायचे आहेत. त्याला साधारण ७ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट लागते. भिजवायला १०० मिली पाणी पुरे. कणकेचे उरलेले पाणी नंतर घालायचे.

जानेवारीची सकाळ आहे, नळाचे पाणी १८ अंशांचे आहे. एक भाग उकळते आणि तीन भाग नळाचे, म्हणजे २५ मिली आणि ७५ मिली एकत्र केले तर मिश्रण ३८ अंशांच्या आसपास येते. भांडे थोडी ऊब खाते, म्हणून प्रत्यक्षात एकदोन अंश कमी भरते. हे पाणी यीस्टला छान चालते.

आता तेच माप मे महिन्यात घेऊ. बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे आहे, बादलीतले पाणी ३४ अंशांचे आहे. पुन्हा एक भाग उकळते, तीन भाग बादलीतले. मिश्रण होते ५० अंशांचे! जानेवारीत पाव फुगवणारे माप मे महिन्यात यीस्टला मारायला निघते. बाईंच्या हाताची चूक नाही आणि पाकिटाचीही नाही. बदलले ते फक्त विसणाचे पाणी.

म्हणून उन्हाळ्यात उकळते पाणी घ्यायचेच नाही. टाकीचे पाणी काढून थोडा वेळ सावलीत ठेवावे आणि तसेच वापरावे. ३४-३५ अंशांत यीस्ट दोनचार मिनिटे जास्त घेईल, पण मरणार नाही. दुपारी नळ सोडल्यावर सुरुवातीला जे चटका देणारे पाणी येते, ते मात्र वापरू नये.

आणखी एक. आधी दोन्ही पाणी एकत्र करून ढवळायचे, मग यीस्ट टाकायचे. कडक पाण्यात यीस्ट टाकून वरून विसण घातले तर उपयोग नाही, तोवर नुकसान झालेले असते.

थर्मामीटर नसेल तर

मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा, बाळाचे दूध पाहतात तसा. थेंब जेमतेम उबदार लागला पाहिजे, गरम नाही. दुसरी रीत म्हणजे पाण्यात बोट घालून सावकाश दहापर्यंत मोजणे. बोट मागे घ्यावेसे वाटले तर पाणी यीस्टलाही सोसणार नाही. रोज चुलीशी काम करून हात निबर झाले असतील तर घरातल्या दुसऱ्या कुणाला बोट घालायला सांगावे. "मला तर काहीच लागत नाही" हा इथे भरवशाचा पुरावा नाही.

ताप पाहायचा डिजिटल थर्मामीटर या कामाला बरा पडतो, कारण तो साधारण ३२ ते ४२ अंशांतच मोजतो. त्याने आकडा दाखवला की पाणी योग्य पट्ट्यात आहे. त्याच्या मापाच्या वर गेले की पाणी थांबून निवू द्यावे. मात्र स्वयंपाकासाठी वेगळा ठेवावा आणि फक्त टोक बुडवावे. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर गरम पाण्यात कधीही घालू नये. तो फुटतो आणि पारा विषारी असतो.

दुधात यीस्ट भिजवणारे एका गोष्टीत हमखास फसतात. तापवलेल्या दुधावर साय धरते, वरून गंज निवल्यासारखा वाटतो आणि खाली दूध कडकच असते. तेव्हा आधी ढवळावे, मग तपासावे.

यीस्ट पाकिटात मेले की पाण्यात?

कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट टाकल्यावर पाचदहा मिनिटांत वर फेसाची साय धरली, पावासारखा आंबूस वास आला, तर यीस्ट जिवंत आहे. पाणी नुसतेच गढूळ राहिले, दाणे विरघळून तळाशी बसले आणि फेस आला नाही, तर ते मैद्यात घालण्यात अर्थ नाही.

मग दोष कुणाचा, हे तिथल्या तिथे कळते. त्याच पाकिटातले अर्धा चमचा यीस्ट दुसऱ्या वाटीत मनगटाला जेमतेम उबदार लागणाऱ्या पाण्यात टाकावे, सोबत चिमूटभर साखर. दहा मिनिटांत फेस आला तर पाकीट चांगले आहे, आधीचे पाणी कडक होते. इथेही फेस नाही, तर पाकीट जुने किंवा ओल लागलेले. पावसाळ्यात उघडे राहिलेले पाकीट असे लवकर जाते. म्हणून ते हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये ठेवावे.

पाकिटावर 'इन्स्टंट' लिहिले असेल तर भिजवण्याची गरजच नाही. त्याचे दाणे बारीक असतात, ते थेट मैद्यात मिसळतात. मैदा पाण्याची उष्णता ओढून घेतो म्हणून त्याला थोडे जास्त गरम पाणीही चालून जाते. पण तेच यीस्ट नुसत्या कडक पाण्यात टाकले तर तेही मरते. उन्हाळ्यात इन्स्टंट यीस्टची कणीक साध्या पाण्यात मळलेली बरी.

कणीक मळून झाली आणि दीड-दोन तासांनीही ती आहे तशीच आहे, तर फेकू नये. थंडी असेल तर आधी उबदार जागी ठेवून आणखी तासभर वाट पाहावी, कारण गारठ्यात जिवंत यीस्टही हळू चालते. तरीही हालचाल नसेल तर दोनतीन चमचे कोमट पाण्यात नवे यीस्ट भिजवावे, फेस आल्याची खात्री करावी, आणि थोडा मैदा घालून ते त्याच कणकेत मळावे. नव्या यीस्टला कणकेत खाणे तयारच असते. तासा-दीड तासात ती वर येते. घरात दुसरे यीस्टच नसेल, तर त्या कणकेच्या तव्यावरच्या रोट्या होतात. पाव मात्र पुढच्या वेळी, पाणी तपासून.